दंडाचं हाड मोडल्यावर मनगट लुळं पडलं: नसेचं ऑपरेशन कधी?

प्रश्न: भावाच्या दंडाचं हाड मोडून सहा आठवडे झाले. जखम नव्हती, प्लास्टर आहे. तेव्हापासून मनगट आणि बोटं वर उचलली जात नाहीत. डॉक्टर म्हणतात थांबा. नसेची टेस्ट आत्ता करावी का, आणि ऑपरेशन नेमकं कधी?

उत्तर:

टेस्ट आत्ता करा. सहा आठवड्यांनी केलेल्या टेस्टवर विसंबता येतं. तिसऱ्या दिवशी केलेल्या टेस्टवर नाही, आणि याच मुद्द्यावरून माझं एका वरिष्ठ सर्जनांशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

मी नसांच्या आणि स्नायूंच्या विद्युत चाचण्या करतो. एक तरुण माझ्याकडे आला होता. काचेचं तावदान फुटून दंडाच्या मागच्या बाजूला खोल काप गेलेला. रात्री तातडीच्या विभागात रक्त थांबवून कातडी शिवली होती; सकाळी बघतात तर मनगट लुळं. तिसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे धाडलं. जखमेच्या खाली, कोपराजवळ रेडियल नर्व्हला, म्हणजे मनगट आणि बोटं उचलणाऱ्या नसेला, झटका दिला तर बोटं उचलणारा स्नायू छान आकुंचन पावला. जखमेच्या वर झटका दिला तर काहीच नाही. त्याला स्वतःला बोट उचलायला सांगितलं, तरीही काहीच नाही.

मी रिपोर्टखाली लिहिलं की आजच्या टेस्टवरून नस अखंड आहे की तुटली हे ठरवता येत नाही, पण काप धारदार आहे, जखम उघडून बघावी. सरांनी वरचा आकडा वाचला आणि खालची ओळ सोडली. म्हणाले, "खालची नस चालतेय ना? मग तुटलेली नाही. न्यूराप्रॅक्सिया आहे, नुसती बधिरलीय. तीन महिने थांबू."

खालची नस चालतेय म्हणून ती अखंड आहे, हा निष्कर्षच चुकीचा. नस तुटली की तिचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. वॉलर या शास्त्रज्ञाने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की पेशीपासून तुटलेला भाग हळूहळू विघटित होतो. त्यातले तंतू जगतात ते वरून आलेल्या प्रथिनांच्या शिलकीवर. ती शिल्लक संपेपर्यंत, म्हणजे काही दिवस, खालचा तुकडा झटक्याला उत्तर देत राहतो. स्नायूकडून येणारं उत्तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास घसरू लागतं आणि आठवडा-नऊ दिवसांत संपतं. संवेदनेचं आणखी दोनेक दिवस टिकतं. तोवर पूर्ण कापलेली नस आणि नुसती बधिरलेली नस टेस्टवर सारख्याच दिसतात. माझ्या रुग्णाच्या बाबतीत टेस्टची गरजच नव्हती. धारदार काप आणि त्याच्या खालच्या नसेचं काम बंद, एवढं असेल तर ती तुटली असंच धरायचं आणि पहिल्या तीनेक दिवसांत उघडायचं. उपरोध असा की ज्या उत्तरावर सर निश्चिंत झाले, तेच ऑपरेशनच्या टेबलावर कामी आलं असतं: त्या दिवसांत झटका देणारा स्टिम्युलेटर लावून खालचं टोक ओळखता येतं.

सेडन या सर्जनने 1943 मध्ये नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. न्यूराप्रॅक्सियात तंतू शाबूत असतात, फक्त एका जागी संदेश अडतो. खाली काही मरत नाही आणि दिवसांत किंवा फार तर बारा आठवड्यांत हात परत येतो. ॲक्सोनॉटमेसिसमध्ये तंतू तुटतात पण आवरणं उरतात. न्यूरॉटमेसिसमध्ये सगळंच जातं. सुंदरलंड या शास्त्रज्ञाने 1951 मध्ये याच्या पाच श्रेणी केल्या, आणि खरा फरक मधल्या तीन श्रेणींमध्ये आहे. दुसऱ्या श्रेणीत तंतूभोवतीची नळी शाबूत असते, म्हणून नवा तंतू आपल्याच जुन्या वाटेने आपल्याच स्नायूत पोचतो. तिसरीत नळ्या फाटतात, वाटा चुकतात, सुधारणा अर्धवट होते. चौथीत बाहेरून नस सलग दिसते पण आत सगळा व्रण. तिथून काही पार होत नाही, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. पाचवी म्हणजे तुकडे.

महिन्याभराने त्या तरुणाची टेस्ट पुन्हा केली. खालचं उत्तर शून्य, आणि सुई घातल्यावर स्नायूत आपोआप उठणारे फिब्रिलेशनचे ठोके. सर म्हणाले, "बरं, मग ॲक्सोनॉटमेसिस. थांबूच." सुईची टेस्ट तंतू मेले एवढंच सांगते, दुसरी श्रेणी आहे की पाचवी, हे ती त्या वेळी सांगू शकत नाही. पाचव्या महिन्यात एकदाचं उघडलं. टोकं एकमेकांपासून सरकलेली, वरच्या टोकाला न्यूरोमा, म्हणजे वाट न मिळालेल्या तंतूंची गाठ. व्रण कापून टाकल्यावर मधलं अंतर सुमारे पाच सेंटिमीटर भरलं. पोटरीतली सुरल नर्व्ह काढून तिथे जोडावी लागली. पुढे मनगट उचललं गेलं. अंगठा आणि बोटं कधीच नीट आली नाहीत. पहिल्या आठवड्यात तीच टोकं बहुधा थेट शिवता आली असती.

आता तुमच्या भावाचं. इथे मात्र "थांबा" बरोबर आहे, आणि हे मी नाइलाजाने लिहितोय. बंद फ्रॅक्चरमध्ये नस बहुतेक वेळा ताणली किंवा दबली जाते, तुटत नाही. दहापैकी सातांहून जास्त जण आपोआप सुधारतात. पण थांबायचं म्हणजे दिवस मोजत बसायचं नाही, टेप घेऊन अंतर मोजायचं. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. नस सर्वात आधी ब्रॅकिओरेडियालिसला पोचते, म्हणजे कोपर वाकवताना बाहेरच्या बाजूला फुगणाऱ्या स्नायूला. मोडलेल्या जागेपासून तो नऊ सेंटिमीटरवर असेल तर नव्वद दिवस, शिवाय सुरुवातीचे तीन-चार आठवडे. म्हणजे चौथ्या महिन्याच्या आसपास तो हलायला हवा, आणि सुईच्या टेस्टमध्ये त्याच्या थोडं आधी खूण दिसायला हवी. नसेवर टिचकी मारल्यावर मुंग्या येण्याची जागा, टिनेलची खूण, दर महिन्याला काही सेंटिमीटर खाली सरकतेय का तेही बघा. एकाच जागी अडून बसली तर ते वाईट लक्षण.

तीन महिन्यांच्या सुमाराला टेस्ट पुन्हा करा. तेव्हा, किंवा हिशोबाने आलेल्या तारखेपर्यंत, स्नायूत काहीच आलं नाही तर नस उघडायची. सहा महिन्यांपलीकडे ढकलू देऊ नका. मधल्या काळात खालच्या नळ्या आकसत जातात, आणि साधारण वर्ष ते दीड वर्षात स्नायू तंतू स्वीकारण्याच्या पलीकडे जातो. त्यानंतर उरतं ते दुसऱ्या चालू स्नायूचं टेंडन इकडे फिरवण्याचं ऑपरेशन. रेडियलसाठी ते चांगलं चालतं, पण तो नसेचा इलाज नव्हे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हाड कातडीबाहेर आलं असतं किंवा रक्तवाहिनी तुटली असती, तर मी थांबा म्हटलं नसतं. करवतीसारख्या यंत्राने चिंधड्या झालेली जखम असेल तर नस नेमकी कुठवर खराब झालीय ते लगेच कळत नाही, म्हणून जोडणी तीनेक आठवड्यांनी करतात. मनगटाला आधार देणारा स्प्लिंट हवाच, आणि बोटं रोज दुसऱ्या हाताने सरळ करायची. सांधे आखडले तर नस परत येऊनही उपयोग नाही. सोनोग्राफीत नस सलग आहे का ते दिसू शकतं, पण चौथी श्रेणीही सलगच असते हे लक्षात ठेवा.

आणि टेस्टच्या रिपोर्टमध्ये आकड्यांच्या खाली लिहिलेली ओळ डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.