व्यापारी सूट, रोख सूट आणि करपात्र मूल्य

प्रश्न : ‘व्यापारी सूट’ आणि ‘रोख सूट’ या दोन्ही संज्ञा बिलाच्या संदर्भात येतात. पहिली वजा करून जीएसटी लावतात आणि दुसरी वजा न करता, असे आमचे हिशेबनीस सांगतात. सूट ती सूटच, मग हा भेद का?

हिशेबनिसांचे म्हणणे व्यवहारात बहुतेक वेळा खरे ठरते, परंतु त्याचे कारण या दोन नावांत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याचे कलम १५ करपात्र मूल्य कसे काढावे हे सांगते आणि त्याच्या उपकलम (३) मध्ये केवळ ‘सूट’ असा शब्द आहे; व्यापारी किंवा रोख अशी विशेषणे तेथे नाहीत. कायदा पाहतो तो सुटीचा काळ आणि तिची नोंद : पुरवठ्याच्या आधी किंवा पुरवठा होताना दिलेली आणि बिलावर रीतसर दाखवलेली सूट मूल्यातून वजा होते, तर पुरवठ्यानंतर दिलेल्या सुटीला जास्तीच्या अटी पाळाव्या लागतात.

आता संज्ञांकडे. व्यापारी सूट म्हणजे किरकोळ विक्रेत्याला किंवा मोठी खरेदी करणाऱ्याला छापील दरातून दिलेली कपात. ती सौदा ठरतानाच ठरते, म्हणून हिशेबाच्या वह्यांत तिचे वेगळे खाते नसते आणि विक्रीची नोंद निव्वळ रकमेची होते. रोख सूट मात्र लवकर पैसे दिल्याबद्दल मिळते. येथे ‘रोख’ याचा अर्थ नोटा असा नाही. धनादेशाने किंवा बँकेतून मुदतीत रक्कम भरली तरी ती मिळते. (जुन्या वह्यांतला ‘वटाव’ या अर्थाच्या जवळचा आहे.) बिल करतेवेळी ग्राहक मुदत पाळेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून ही सूट स्वभावतःच पुरवठ्यानंतरची ठरते आणि वहीत ती ‘दिलेली सूट’ अशा स्वतंत्र खात्यावर जाते.

उदाहरणादाखल छताच्या पंख्यांचा सौदा घेऊ. छापील दर २,००० रुपये, नग ५०, म्हणजे एकूण १,००,००० रुपये. २० टक्के व्यापारी सूट बिलावरच वजा केली, तर करपात्र मूल्य ८०,००० रुपये, १८ टक्के दराने कर १४,४०० रुपये आणि बिलाची रक्कम ९४,४०० रुपये होते. त्याच बिलावर ‘दहा दिवसांत पैसे दिल्यास करपात्र रकमेवर २ टक्के रोख सूट’ असे छापले आहे आणि ग्राहकाने मुदत पाळली, असे समजू. सूट १,६०० रुपयांची.

येथे दोन वाटा फुटतात. विक्रेत्याने कराविना, केवळ व्यापारी क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली येणे रक्कम कमी केल्याची चिठ्ठी दिली, तर ग्राहक ९२,८०० रुपये देतो. करपात्र मूल्य ८०,००० रुपयेच राहते आणि कर १४,४०० रुपयेच. ग्राहकाला पूर्ण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, राखता येते, कारण कराची रक्कम बदललेलीच नाही. दुसऱ्या वाटेने विक्रेता कलम ३४ खाली कर धरून क्रेडिट नोट काढतो : १,६०० अधिक २८८. मग मूल्य ७८,४०० रुपयांवर आणि कर १४,११२ रुपयांवर येतो, पण ग्राहकाने २८८ रुपयांचे क्रेडिट उलटवले तरच. ही सूट आधीच्या कराराने ठरलेली आणि विशिष्ट बिलांशी जोडलेली असावी, अशीही अट २०१७च्या मजकुरात आहे. ती काढण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली. म्हणून व्यवहाराच्या तारखेला लागू असलेला मजकूर पाहून मगच वाट निवडावी.

ग्राहक नोंदणीकृत असून पूर्ण क्रेडिट घेऊ शकत असेल, तर माझ्या मते २८८ रुपयांसाठी दुसऱ्या वाटेची यातायात सहसा परवडत नाही.

प्रत्यक्षात चूक होते ती याच जागी. काही विक्रेते ग्राहक वेळेवर पैसे देईल असे गृहीत धरून रोख सूट बिलावरच वजा करतात आणि ७८,४०० रुपयांवर कर लावून ९२,५१२ रुपयांचे बिल करतात. सूट बिनशर्त असेल तर हे ठीकच आहे. तेव्हा नाव रोख असले तरी तिचा परिणाम व्यापारी सुटीसारखाच होतो. परंतु मुदत टळल्यावर ती परत वसूल केली, तर त्या १,६०० रुपयांवरही कर येतो आणि त्यासाठी डेबिट नोट काढावी लागते. उशिराबद्दल वेगळे व्याज किंवा विलंब शुल्क आकारले, तर तेही कलम १५(२) नुसार मूल्यात मिळवले जाते. ही गफलत ओळखण्यासाठी बँकेतील जमा आणि बिलाची रक्कम ताडून पाहावी : जमा ९२,५१२ पेक्षा बरोबर १,६०० रुपयांनी जास्त असून डेबिट नोट नसेल, तर २८८ रुपयांचा कर राहून गेला आहे.