पगार स्लिपवरचा एक रुपया

प्रश्न: कामगारांच्या पगार स्लिपचे फोटो बघून एक्सेलमध्ये कमाई आणि कपातीच्या ओळी भरायचं काम मिळालंय. महिना, रकमा, टोटल सगळं स्लिपप्रमाणे तंतोतंत हवं आहे. माझी बेरीज कधी एका रुपयाने, कधी सतरा-अठरा रुपयांनी चुकते. एखादी रक्कम थोडी कमी-जास्त करून टोटल जुळवली तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. तो एक रुपया बहुतेक तुमची चूक नसतो. सतरा रुपये मात्र तुमचेच असणार.

मी चिंचवडला एका कामगार वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. कामगार व्हॉट्सॲपवर स्लिपांचे फोटो पाठवतात आणि त्यांचा तक्ता करून तो दाव्याला जोडायचा, हे माझं काम. सुरुवातीला तुम्ही विचारताय तेच मी करायचे. बेरीज एका रुपयाने जास्त आली की बेसिकमधून एक कमी करायचे, कारण सगळ्यात मोठ्या रकमेत एक रुपया कोणाच्या डोळ्यावर येणार? वकीलबाईंनी एकदा फोटो आणि तक्ता शेजारी ठेवले आणि विचारलं, "हा बेसिक कुठल्या स्लिपवर आहे?" कुठल्याच नव्हता. तेव्हापासून एकच धरलंय: स्लिपवर छापलंय ते टाइप करायचं, आणि ताळा वेगळ्या खान्यात घालायचा. टोटलसुद्धा छापलेली टाइप करायची. तिथे सूत्र लावलंत तर ती टोटल तुमची होते, स्लिपची राहत नाही.

आता तो रुपया येतो कुठून, ते एका स्लिपवर सांगते. आकडे माझे आहेत, पण घडण नेहमीचीच आहे. महिना फेब्रुवारी 2025, दिवस 28, तीन खाडे, म्हणजे पगारी दिवस 25. पूर्ण महिन्याचा दर असा: बेसिक 15,000, एचआरए 6,000, कन्व्हेयन्स 1,600, विशेष भत्ता 2,000. एकूण 24,600. पंचवीस दिवसांचे मिळालेले पैसे स्लिपवर अनुक्रमे 13,393, 5,357, 1,429 आणि 1,786 असे छापलेत. यांची बेरीज 21,965 येते. खाली छापलेली टोटल मात्र 21,964.

चूक कोणाचीच नाही. 15,000 ला 28 ने भागून 25 ने गुणलं की 13,392 रुपये 86 पैसे येतात. बाकी ओळींनाही असेच पैसे आहेत: 5,357.14, 1,428.57, 1,785.71. सॉफ्टवेअरने छापताना प्रत्येक ओळ रुपयाला पूर्ण केली, पण बेरीज पैशांसकट केली. ती आली 21,964.28, आणि ती पूर्ण केल्यावर 21,964 राहिली. तीन ओळी वर चढल्या, टोटल खाली उतरली, एवढंच.

पूर्णांकाचा फरक किती असू शकतो यालाही हद्द आहे. एका ओळीत तो पन्नास पैशांच्या वर जात नाही, आणि टोटलमध्येही तेवढाच. म्हणून चार ओळींच्या बाजूला फार तर दोन रुपये इकडे-तिकडे होतील. त्याहून जास्त फरक दिसला की पूर्णांकाचं नाव घेऊ नका, तुमच्या बोटांकडे बघा. खात्री हवी असेल तर दराच्या खान्यावरून वरच्यासारखा हिशेब करून पाहता येतो. काही कंपन्या महिन्याच्या दिवसांऐवजी 26 ने किंवा 30 ने भागतात, तेव्हा तेही लावून बघा. पण हा हिशेब कागदावर करा. त्यातला 13,392.86 हा आकडा तक्त्यात शिरता कामा नये, कारण स्लिपवर तो नाही.

त्याच स्लिपच्या कपाती: पीएफ 1,607, ईएसआय 0, प्रोफेशनल टॅक्स 300, कॅन्टीन 450, उचल 2,000, पतसंस्था 500. टोटल 4,857. हातात 17,107. तक्ता असा दिसतो:

```
महिना,बाजू,ओळ,रक्कम
2025-02,कमाई,Basic,13393
2025-02,कमाई,HRA,5357
2025-02,कमाई,Conveyance,1429
2025-02,कमाई,Special Allow.,1786
2025-02,कमाई,Gross Earnings,21964
2025-02,कपात,PF,1607
2025-02,कपात,ESI,0
2025-02,कपात,P. Tax,300
2025-02,कपात,Canteen,450
2025-02,कपात,Advance,2000
2025-02,कपात,Society,500
2025-02,कपात,Total Deductions,4857
2025-02,निव्वळ,Net Pay,17107
```

ओळींची नावं स्लिपवर जशी आहेत तशीच ठेवली आहेत. ईएसआयचा शून्य छापलाय म्हणून तो आहे. ओळच नसती तर मी ती घातली नसती. रकमेत स्वल्पविराम टाकू नका, फाइल स्वल्पविरामाने तोडायची असेल तर 13,393 चे दोन खाने होतात. ताळ्याची सूत्रं बाजूला:

```
=SUM(D2:D5)-D6
=SUM(D7:D12)-D13
=D6-D13-D14
```

पहिल्याचं उत्तर 1, बाकी दोघांचं 0. तिसरं सूत्र मला सगळ्यात जास्त सांगतं. 21,964 मधून 4,857 गेले की बरोबर 17,107 उरतात, म्हणजे कंपनीने पगार 21,964 धरूनच दिलाय. शिवाय खाली अक्षरी रक्कम असते. ती अंधूक फोटोतही बहुतेक वाचता येते, आणि अक्षरांत 1 चा 7 होत नाही. शेऱ्याच्या खान्यात मी लिहिते: "ओळींची बेरीज 21,965, छापील टोटल 21,964, पूर्णांकाचा फरक." बस.

आता तुमचे सतरा रुपये. समजा विशेष भत्ता 1,786 च्या ऐवजी 1,768 टाइप झाला. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. इथे तो 18 आहे. जुने हिशेबनीस हा नऊचा ताळा वापरायचे, तो अजून तितकाच कामाचा आहे. एखादं शून्य राहिलं, म्हणजे 450 चे 45 झाले, तरी फरक 405, त्यालाही नऊने भाग जातो. पण वरच्या स्लिपवर तुम्हाला 18 दिसणार नाही. बेरीज 21,947 येईल आणि छापील टोटलशी फरक 17 दिसेल, कारण पूर्णांकाचा एक रुपया उलट्या बाजूने मिसळलाय. म्हणून फरक नऊच्या पटीच्या एक-दोन अलीकडे किंवा पलीकडे असला तरी उलटे अंक शोधा. तुमचे सतरा-अठरा रुपये मला तिथलेच वाटतात. फरक एखाद्या ओळीएवढाच असेल तर ती ओळ राहिली किंवा दोनदा आली. अंधूक फोटोत 3 चा 8 वाचला असेल तर मात्र नऊ मदत करत नाही. तिथे फरक 5, 50 किंवा 500 असा येतो.

टोटल जुळूनही तक्ता चुकलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट. फोटो जरा तिरका असला की कपातीच्या बाजूला नाव एका ओळीचं आणि रक्कम खालच्या ओळीची, असं होतं. बेरीज तीच राहते! इथे प्रोफेशनल टॅक्स फार उपयोगी पडतो. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराचा तो 200 असतो आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. (बायकांना एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंत तो लागत नाही.) त्यामुळे प्रोफेशनल टॅक्ससमोर 450 दिसले की ओळ घसरली, हे कळतंच. पीएफचंही तसंच. या स्लिपवर तो बेसिकच्या 12 टक्के आहे, 1,607 रुपये 16 पैसे, म्हणून 1,607. मी आधी कमाईची सगळी बाजू वरून खाली उतरवते, मग कपातीची. आडवं वाचत गेलं की दोन बाजूंचा घोळ होतोच, कारण कन्व्हेयन्सच्या समोर प्रोफेशनल टॅक्स छापलाय तो केवळ जागेसाठी, त्यांचं नातं नाही. स्क्रीनवर मी चक्क फुटपट्टी धरते, हसलात तरी चालेल.

खान्यांचंही बघा. दर, या महिन्याची कमाई आणि वर्षाची एकूण असे तीन खाने शेजारी असतात. पूर्ण हजेरीच्या महिन्यात पहिले दोन सारखेच दिसतात, म्हणून डोळा पहिल्यावर बसतो, आणि खाडे असलेल्या महिन्यात 13,393 च्या जागी 15,000 टाइप होतं. चारही ओळी दराच्या उचलल्या तर बेरीज 24,600 येईल. हा आकडा दिसला की काय झालं ते लगेच कळावं. तळाशी मालकाचा पीएफ वेगळा छापलेला असतो, तो कामगाराच्या कपातीत धरायचा नाही.

महिना म्हणजे ज्या महिन्याचं काम, तो. फेब्रुवारीची स्लिप 7 मार्चला छापलेली असते आणि खात्यात पैसेही मार्चमध्येच येतात, त्यावरून मार्च लिहू नका. एक्सेलमध्ये `Feb-25` टाइप केलंत तर तो त्याला चालू वर्षाची 25 फेब्रुवारी समजतो, म्हणून महिन्याचा खाना आधी `Text` करून घ्या, मग भरा. फोटोत वरचा भाग कापला गेला असेल तर 28 दिवस आणि 300 चा टॅक्स यांवरून फेब्रुवारी ओळखता येतो, वर्ष नाही ओळखता येत. मी अशा वेळी फोटो परत मागवते.

अंगठा आला म्हणून एखादी रक्कम झाकली गेली, तर टोटलमधून बाकीच्या वजा करून ती निघते: 4,857 मधून इतर कपाती गेल्या की कॅन्टीनचे 450. मी ती भरते, पण शेऱ्यात "फोटोत दिसत नाही, टोटलवरून काढली" असं लिहूनच. कमाईच्या बाजूला असं काढायला गेलं तर तोच पूर्णांकाचा रुपया आडवा येतो, भत्ता 1,786 ऐवजी 1,785 निघतो. त्यामुळे तिकडे मी खाना रिकामा ठेवते आणि कामगाराला फोन लावते.