निकाल आणि प्रवेश यांच्यामधले महिने

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली. इंदूरमध्येच बी.कॉम. करायचे आहे, विद्यापीठ प्रवेशाची सीयूईटी परीक्षाही दिली आहे. निकालानंतर प्रवेश होईपर्यंतच्या महिन्यांत काय काय करून ठेवावे?

पहिले दोन आठवडे फक्त नावाला द्या. आपल्या मराठी घरांत हाच घोळ हटकून निघतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढेच असते, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर मात्र कोणीतरी हौसेने मुलाचे, वडिलांचे आणि आडनाव असे तिन्ही सलग लिहवून घेतलेले असते. माझ्या भाच्याचे असेच झाले होते, शिवाय राज्य सरकारच्या समग्र आयडीवर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. महाविद्यालयांच्या ऑनलाइन प्रवेशाच्या, म्हणजे ई-प्रवेशच्या, कागदपत्र-पडताळणीत ही विसंगती समोर आली, आणि अर्ज अडकून पहिली फेरी हातची गेली.

दुरुस्ती क्रमानेच करावी लागते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधी आधार सुधारा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून केंद्रावरून निघण्यापूर्वी पावतीवरचे प्रत्येक अक्षर वाचा. आधार सुधारल्यावर समग्रचे ई-केवायसी करा, कारण तिथले नाव आधारशी ताडून पाहिले जाते, आणि त्यानंतरच लोकसेवा केंद्रात मूळ निवासी व उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज द्या. भाच्याने घाईने दाखले आधी काढले. आधार बदलल्यावर ते पुन्हा काढावे लागले.

दुसरा भाग तारखांचा. २०२५ मध्ये म. प्र. बोर्डाचा बारावीचा निकाल ६ मे रोजी लागला, सीयूईटीचा मात्र ४ जुलैला. म्हणजे महाविद्यालयांचे ई-प्रवेश सुरू होऊन जागा वाटल्या जाऊ लागतात, तेव्हा देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या ज्या विभागांत सीयूईटीने प्रवेश मिळतो त्यांचे चित्र स्पष्ट झालेले नसते. अशा वेळी सीयूईटीच्या भरवशावर ई-प्रवेशचा अर्ज सोडून देऊ नये. जागा मिळाली तर मुदतीत शुल्क भरून ती पक्की करावी, नाहीतर ती रद्द होते. यात शुल्काचे काही पैसे अडकण्याची शक्यता असते, हे मी लपवत नाही. पण पुढे मनासारखा विभाग न मिळाल्यास वर्ष तरी हातात राहते. म्हणून परताव्याची अट शुल्क भरण्यापूर्वीच लेखी पाहून घ्या.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला हा यातला खरा पेच आहे. महाविद्यालय तो जमा करून घेते आणि जुलैत विश्वविद्यालयही तोच मागते. जमा करताना पावती घ्या, तीन-चार साक्षांकित प्रती घरी ठेवा, आणि प्रवेश रद्द केल्यावर मूळ दाखला किती दिवसांत परत मिळतो, हे तिथल्या कार्यालयात त्याच वेळी विचारून घ्या. भाच्याला तो परत घेण्यासाठी एकाच खिडकीवर पाच खेपा घालाव्या लागल्या होत्या.