मेढीजवळचा बैल

प्रिय पोरी,

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा नुसती वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. म्हातारा बैल सर्जा, शेतकऱ्याचं घर आणि भाताच्या कामाचा शेवटचा दिवस, हे तू निवडलंस याचा मला फार आनंद झाला. माझं सारं बालपण मुरबाडकडच्या अशाच एका खळ्यावर गेलं. म्हणून हे पत्र लांबेल, आणि काही ठिकाणी कठोरही होईल.

सर्जाच्या डोळ्यांतून पाणी येतं तिथून सुरू करते. त्याला विकायचं ठरतं, त्याला ते कळतं आणि तो रडतो, असं तू लिहिलं आहेस. मी त्या ओळीशी थांबले. खळ्यावर बैलाच्या डोळ्यांना पाणी येतंच. भाताचं कूस आणि धूळ उडत असते, दुपारपर्यंत माणसांचेही डोळे लाल होतात. बैलाच्या डोळ्याखाली पाण्याचा ओघळ येतो, त्यावर धूळ बसते आणि काळी रेघ उमटते. आमची आजी संध्याकाळी ओल्या फडक्याने ती रेघ पुसायची. तू रेघ आणि फडकं लिही. बैल रडला असं तू सांगितलंस की वाचणाऱ्याला करायला काहीच उरत नाही.

दुसरी जागा तो उठतो ती. तू लिहिलंस, ‘सर्जाने पुढचे पाय रोवले आणि तो उभा राहिला.’ तसा घोडा उठतो. बैल पुढच्या गुडघ्यांवर टेकतो, आधी मागचा भाग उचलतो आणि मग पुढचे पाय सरळ करतो. म्हाताऱ्या बैलाचं म्हातारपण नेमकं इथे दिसतं, कारण मागच्या पायांतली ताकद गेलेली असते. तो एकदा जोर करतो, ढुंगण अर्ध्यावर येतं आणि परत खाली बसतो. मग घरातला कोणीतरी मागे जातो, शेपटीच्या बुडाला धरून त्याच्या जोराबरोबर वर ओढतो. कोण जातो, न सांगता जातो की हाक मारावी लागते, हे लिहिलंस तर त्या घरातली अर्धी नाती तिथेच कळतील. तुझ्या कथेत थोरला मुलगा बापाशी बोलत नाही. त्याला तिथे पाठव.

दातांचंही बघ. ‘सर्जाचे वरचे दात पडले होते’ असं एक वाक्य आहे. गुराला पुढे वरच्या बाजूला दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते. वय बघायचं ते खालच्या दातांवरून. दोन-अडीच वर्षांचा दुदाती, आणि पाचाच्या आसपास आठही दात पुरे. त्यानंतर दात नुसते झिजत जातात. म्हातारपण दाखवायचं तर रवंथ दाखव. दाढा गेलेल्या बैलाला पेंढा नीट चघळता येत नाही, अर्धवट चावलेला ओला गोळा तोंडातून खाली पडतो. सकाळी गोठा झाडणाऱ्या बाईला ते गोळे आधी दिसतात. घरधन्याच्या बऱ्याच आधी तिला कळलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुझा सर्जा शेवटच्या दिवशी कुठे आहे? तू त्याला गोठ्यात बांधून ठेवलंस आणि खळ्यावर माणसं काम करताहेत. मला वाटतं कथा तिथेच हातातून निसटली. त्याला खळ्यावर आण.

आमच्याकडे कसं व्हायचं ते सांगते. कापलेलं भात दोन-तीन दिवस उन्हात पडायचं, मग भारे बांधून खळ्यावर यायचे. खळं पाणी मारून, चोपून, शेणाने सारवलेलं. आधी भारे झोडायचे, त्यात बहुतेक दाणा निघायचा. पण पेंढ्यात थोडा उरतोच. तो काढायला झोडलेला पेंढा खळ्यावर पसरायचा आणि त्यावर बैल फिरवायचे. मधे मेढ रोवलेली असायची, म्हणजे मनगटाहून जाड लाकडाचा खांब. तिच्याभोवती बैलांची पात. दोन बैल आमचे, दोन सावडीने शेजाऱ्यांचे, सगळे एका दोरीने शेजारी-शेजारी बांधलेले.

या पातीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मेढीपासून दोन हातांवर चालणाऱ्या बैलाचा एक फेरा साधारण साडेबारा हातांचा होतो. सात हातांवरच्या, म्हणजे कडेच्या बैलाला त्याच वेळात चव्वेचाळीस हात चालावं लागतं. म्हणून कडेला जवान बैल आणि मेढीजवळ म्हातारा. सगळ्यात कमी चाल त्याची. पण ती जागा नुसती दयेची नाही. तिथे जवळजवळ जागच्या जागी वळत राहावं लागतं, दोरीचा फास मेढीवर सैल फिरतोय याकडे लक्ष लागतं. नवखा गोऱ्हा तिथे बांधला तर तो घाईने पुढे जातो, दोरी गुंडाळली जाते आणि अख्खी पात अडते. आमचा चांद्या दोरी अडकली की आपणहून थांबायचा. मग वडील म्हणायचे, ‘बघा रे, काय झालं तिथं.’

नांगराला तो दोन वर्षं चालत नव्हता. चिखलणीत पाय काढता येत नव्हता. गाडीला जुंपावं तर जोडीदार त्याला ओढत न्यायचा. एकच काम त्याला अजून येत होतं, आणि ते वर्षातले पाच-सहा दिवस. खळ्याचा शेवटचा दिवस हा चांद्याच्या कामाचाही शेवटचा दिवस होता. तुझ्या कथेचा शेवटचा दिवस एवढा मोठा होऊ शकतो.

हे सगळं पोराच्या नजरेतून लिही. खळ्यावर पोरांना एक काम असायचं, तुला ते कोणी सांगितलं नसेल. पातीच्या मागे पेंढ्याची मूठ घेऊन चालायचं. बैलाने शेपटी उचलली की शेण दाण्यावर पडायच्या आत झेलायचं आणि टोपलीत टाकायचं. आठ वर्षांची मी दिवसभर चांद्याच्या मागे असायची. म्हणून मला ठाऊक होतं की तो उजवा मागचा पाय उचलत नाही, ओढतो. पेंढ्यावर त्याच्या खुराची रेघ उठायची. वडिलांना ती दिसत नसेल असं मला वाटायचं. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही गुरांना गेरूचे ठसे मारायचो. तो गेरू खळ्याच्या दिवसांत विटका होऊन अंगावर राहिलेला असायचा. तू कथेत बैलपोळा घातलास, पुरणपोळीसकट. आमच्या गावात गुरांचा सण पाडव्याचा. तुझ्या आजोबांच्या गावी काय होतं ते त्यांनाच विचार, आणि तेच लिही.

मग प्रश्न येतो की घराला निर्णय का घ्यावा लागतो. तू मुलीचं लग्न आणलंस. लग्न नको. खळ्यावरच कारण उभं असतं, पेंढ्याच्या रूपात. मोठा बैल सुका चारा दिवसाला सहा किलोच्या आसपास खातो. वर्षाचे झाले बावीस क्विंटल. पावसात हिरवं मिळतं म्हणून थोडे कमी धर. तरी एका एकराचा पेंढा एका बैलाला पुरत नाही. शेवटच्या दिवशी दाण्याची रास एका बाजूला आणि पेंढ्याची गंजी दुसऱ्या बाजूला दिसते, आणि घरातला प्रत्येक जण मनात भागाकार करतो. पेंढा घ्यायला तबेल्यांचे व्यापारी येतात, तो रोख पैसा असतो. एका बाजूला ते पैसे, दुसऱ्या बाजूला न चालणारा बैल. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथे गुरांचा मोठा बाजार असतो. खळं संपल्यापासून जत्रेपर्यंतचे दिवस घर गप्प असतं.

इथे एक सावधगिरी. तुझ्या कथेत आजोबा म्हणतात, ‘कसायाला देऊन टाकू,’ आणि दोन पानांपूर्वी किराणावाला क्यूआर कोड दाखवतो. महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही 2015 पासून बंदी आहे. त्याआधीच्या कायद्यात गाईला संरक्षण होतं, काम संपलेल्या बैलाला दाखला घेऊन कापता यायचं. कथा आजची ठेवलीस तर म्हातारा बैल घेणारा माणूसच मिळत नाही, आणि घराची कोंडी वेगळीच होते. शिवाय आज खळ्यावर बहुधा मळणी यंत्र असेल. मग पात कशाला? माझं ऐकशील तर कथा पस्तीस-चाळीस वर्षं मागे ने. क्यूआर कोड काढायला एक ओळ खोडावी लागेल, पण मेढ तुला परत मिळेल.

आमच्या शेवटच्या दिवसाचं सांगते, तुला त्यातलं हवं ते घे.

पातीला बांधताना बैलांच्या तोंडाला मुसकी घालतात, नाहीतर ते खालचं भात खात राहतात. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वडिलांनी पात थांबवली, चांद्याजवळ गेले, त्याचं मुसकं सोडून मेढीच्या टोकाला अडकवलं आणि परत पात हाकली. कोणी काही बोललं नाही. चांद्या चालता चालता मान खाली घालून खात होता, पात हळू झाली, कडेचा शेजाऱ्यांचा बैल अडखळायला लागला. शेजाऱ्यांनीही काही म्हटलं नाही.

संध्याकाळी वारवून झालं, रास झाली. राशीला नारळ फोडला. वडील मापाला बसले. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ‘लाभ, दोन, तीन,’ असं चाललं होतं. आजी गंजीकडे बघत होती. तिने विचारलं, ‘पेंढा विकायचा किती?’

वडिलांनी माप भरलं, ओतलं. म्हणाले, ‘या साली नाही विकायचा.’

आजीने ‘बरं’ म्हटलं आणि फडकं ओलं करायला विहिरीकडे गेली.

पुढच्या आषाढात चांद्या गोठ्यात बसला तो उठलाच नाही, आम्ही चौघांनी शेपटी आणि फळी लावूनही. ते मला आठवतं, पण तू कथेत घेऊ नकोस. तुझी कथा खळ्यावर संपते. तिसऱ्या पानापासून पुन्हा लिही, गोठ्यातला प्रसंग पूर्ण काढ, आणि लग्नाची बोलणी करायला आलेल्या मामांनाही परत पाठव.

महिनाभराने ठाण्याला ये, एकत्र वाचू. त्यानंतर एखाद्या रविवारी मुरबाडला जाऊ. आमच्या जुन्या घराच्या पडवीत ती मेढ अजून आडवी पडली आहे. मधोमध दोरीने झिजून बोटभर खोल खाच पडली आहे. तीवर हात फिरवून बघ.

तुझी,
बाई