फोटोत बुटाची रुंदी दिसत नाही

प्रश्न: नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो, पुढच्या महिन्यात घरी येतोय. मिस्टरांना चालायला न्यू बॅलन्सचे ग्रे बूट हवेत, फोटो आहे माझ्याकडे. त्याला मेसेज कसा लिहू म्हणजे नेमके तेच येतील? मॉडेल, रंग, व्हेरिएंट, काय काय लिहायचं असतं?

उत्तर:

ताई, हाच घोळ मी घालून बसलोय म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे बूट बहुतेक तेच असावेत जे मी माझ्या वडिलांसाठी मागवले होते, ग्रे 990. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. मी त्याला काय पाठवलं माहितीये का, गूगलवरून काढलेला एक फोटो आणि खाली "आजोबांना हे हवेत, साइज साडेआठ, ग्रे". झालं. माझ्या मते यात सगळं आलं होतं. त्याने पण बिचाऱ्याने फोटो बघितला, तसेच दिसणारे शोधले, साडेआठ निवडलं, ऑर्डर केली, डिसेंबरमधे घेऊन आला. बाबांनी पाय घातला आणि तिथेच अडकला. अंगठा टोकाला आणि करंगळी बाजूला घासत होती. परत करायचे तर दुकान सात समुद्रापार, ते शेवटी मेव्हण्याला बसले, त्याची मजा झाली.

चूक भाच्याची नव्हती, माझ्या मेसेजची होती. एक म्हणजे "साडेआठ" हा नंबर कुठला तेच मी लिहिलं नाही. बाबांचे जुने बूट आदिदासचे, त्यावर यूके ८.५. आपल्याकडे बुटावर साधारण यूकेचाच नंबर बघतो आपण. अमेरिकेत साडेआठ म्हटलं की ते यूएसचं साडेआठ होतं आणि ते यूकेच्या साडेआठपेक्षा लहान असतं. आता यात आणखी एक गंमत आहे जी मला नंतर कळली, यूके आणि यूएस मधला फरक सगळ्या कंपन्यांमधे सारखा नाही. आदिदास आणि न्यू बॅलन्समधे यूके ८.५ म्हणजे यूएस ९, आणि नायकी किंवा आसिक्समधे यूके ८.५ म्हणजे यूएस ९.५. म्हणजे मिस्टर आत्ता नायकी घालत असतील आणि तुम्ही त्यावरचा यूके नंबर बघून न्यू बॅलन्स मागवलेत तर अर्ध्या नंबरचा घोटाळा ठरलेला. म्हणून नंबरच्या भानगडीत न पडता सेंटिमीटर बघा. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लेबल शिवलेलं किंवा छापलेलं असतं, त्यावर US, UK, EU आणि CM असे चारही आकडे असतात (काही बुटांवर CM च्या जागी JP लिहिलेलं असतं, ते पण तेच, फक्त 27 च्या ऐवजी 270 असं मिलिमीटरमधे असू शकतं). जो बूट आत्ता नीट बसतोय त्याचा सेंटिमीटरचा आकडा धरायचा. बाबांचा निघाला २७. न्यू बॅलन्समधे २७ म्हणजे US 9. आणि भाच्याने आणलेला US 8.5 म्हणजे २६.५. अर्धा सेंटिमीटर, पण चालताना पाय पुढे सरकतो तेव्हा तोच नेमका बोचतो.

दुसरी चूक मोठी होती, रुंदीची. ती मला माहितीच नव्हती. अमेरिकेत चालायच्या बुटांच्या बऱ्याच मॉडेलमधे एकाच लांबीत दोन-तीन रुंद्या मिळतात. पुरुषांच्या बुटात D म्हणजे नेहमीची, 2E म्हणजे रुंद, 4E म्हणजे खूप रुंद. बायकांच्या बुटात नेहमीची B असते आणि D तिथे रुंद होते, म्हणजे तेच अक्षर पण अर्थ वेगळा, हे पण लक्षात असू द्या. फोटोत हे काहीच दिसत नाही हो, D आणि 2E शेजारी ठेवले तरी वरून सांगता येणार नाही. आणि साइटवर Width चा वेगळा पर्याय असतो, तो मुद्दाम बदलला नाही तर नेहमीचीच रुंदी येणार.

मिस्टरांना रुंद लागतो का हे कसं ओळखायचं? जुना बूट बघा. करंगळीच्या बाजूने कापड फाटलंय किंवा फुगून तळव्याच्या कडेच्या बाहेर आलंय, बूट काढल्यावर करंगळीजवळ लाल वळ उठतो, आणि लेस पूर्ण सैल केली तरच बरं वाटतं, असं असेल तर रुंदी कमी पडतेय. अशा वेळी लोक अर्धा नंबर मोठा घेतात, मीही बाबांना हाच सल्ला दिला असता, पण त्याने लांबी वाढते म्हणून टाच आत वरखाली होते आणि करंगळी थोडीफार घासतेच. बाबांचं तंतोतंत हेच होतं, जुन्या आदिदासला करंगळीजवळ भोक पडलं होतं आणि आम्ही समजत होतो बूट जुना झाला.

खात्री करायची तर संध्याकाळी मोजा, सकाळपेक्षा पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करायचं, बसून नाही, अंगाचं वजन पायावर आलं की पाय पसरतो. पेन्सिल सरळ उभी धरून अंगठ्याचं टोक आणि दोन्ही बाजूंची सगळ्यात रुंद जागा खूण करायची. दोन्ही पाय मोजा, जो मोठा तो धरा.

आता मॉडेल. नुसतं 990 लिहून चालत नाही, त्याच्या आवृत्त्या आहेत. v5 आणि v6 दोन्ही ग्रे, लांबून दोन्ही सारखेच वाटतात, पण तळव्याचा मधला थर वेगळ्या फोमचा आहे आणि पायाला वेगळे लागतात. प्रत्येकाला कंपनीचा कोड असतो, ग्रे v6 पुरुषांचा M990GL6, ग्रे v5 चा M990GL5. पहिलं M म्हणजे पुरुषांचा, W असेल तर बायकांचा, मधे मॉडेल, मग GL हा रंग आणि शेवटचा आकडा आवृत्ती. म्हणजे हा एक कोड लिहिला की मॉडेल, रंग, आवृत्ती आणि बायकांचे-पुरुषांचे हे चारही प्रश्न मिटले. W चा चुकून घेतला तर फक्त रंगरूपाचा प्रश्न नाही, बायकांचे यूएस नंबर पुरुषांपेक्षा साधारण दीडने पुढे असतात, सगळं गणितच बदलतं. तुमच्या फोटोतला कोड शोधायचा तर ज्या पानावरून फोटो घेतलात तिथे खाली Style असं काहीतरी लिहिलेलं असतं, किंवा कोणाकडे तो बूट असेल तर बॉक्सच्या बाजूचा स्टिकर बघा. रंग फोटोवरून ठरवू नका, प्रत्येक स्क्रीनवर ग्रे वेगळाच दिसतो.

पण लांबी आणि रुंदी कोडमधे नसते, ती वेगळी लिहावी लागते. मला हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी भाच्याला जे पाठवलं ते खाली देतोय, फोनमधे आहे अजून. तुम्ही नंबर बदलून तसंच पाठवा:

"चि. सोनू, कसा आहेस? आजोबांसाठी बूट हवेत, मागच्या वेळी माझ्यामुळे घोळ झाला म्हणून या वेळी सगळं लिहितोय. फोटो सोबत आहे पण फोटो फक्त ओळखीपुरता, ऑर्डर या कोडवरून कर. New Balance M990GL6, म्हणजे 990v6, पुरुषांचे, ग्रे. साइज US 9 (लेबलवर CM 27 असायला हवं). Width 2E, हे वेगळं निवडावं लागतं, आपोआप D येतं. ग्रे नसेल तर नेव्ही चालेल, काळा नको, आजोबांना आवडत नाही. v6 नसेल तर v5 चालेल, पण 9 आणि 2E नसेल तर घेऊच नकोस, दुसरी साइज नको. कार्टमधे टाकल्यावर पैसे भरायच्या आधी एक स्क्रीनशॉट पाठव, मी बघतो. आणि बूट आले की बॉक्सच्या स्टिकरचा आणि जिभेच्या आतल्या लेबलचा फोटो पाठव. किती झाले ते सांग, लगेच पाठवतो, मामाला लाजू नकोस. मामा"

यात माझ्या मते सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "चालेल" आणि "घेऊच नकोस" वाली. तिकडची पोरं ऑफिसमधून जेवणाच्या सुट्टीत हे करतात आणि आपल्याकडे तेव्हा रात्र असते, विचारायला फोन लावणार कोणाला. मागच्या वेळी बहुतेक त्याने जे मिळालं ते घेतलं कारण काय सोडायचं आणि काय नाही हे मी सांगितलंच नव्हतं. रंगात सूट द्या, आवृत्तीत थोडी द्या, लांबी-रुंदीत अजिबात नको. रुंद बूट सगळ्या रंगात येत नाहीत त्यामुळे रंगाचा दुसरा पर्याय आधीच मिस्टरांना विचारून ठेवा, नाहीतर भाचा विचारत बसेल आणि हे म्हणतील बघू उद्या.

स्क्रीनशॉट आला की चार गोष्टी बघायच्या, कोड, US नंबर, Width, आणि Men's आहे का. माझ्या भाच्याचा पहिला स्क्रीनशॉट आला त्यात Width परत D च होतं, लिहूनसुद्धा! मग बदललं त्याने. आणि स्टिकरचा फोटो लवकर मागवा, तो निघायच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे काही चुकलं तर तिकडच्या तिकडे परत करता येईल. हे राहिलं तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही.

पैशाचं म्हणाल तर साइटवर दिसते ती किंमत कराशिवायची असते आणि सेल्स टॅक्स राज्यावर अवलंबून. न्यू जर्सीत कपडे आणि नेहमीच्या वापराच्या बुटांवर तो लागत नाही, कॅलिफोर्नियात लागतो. म्हणून "इतके डॉलर ना" असं आधीच ठरवून पाठवू नका, तो सांगेल तेवढे द्या.

आणि हो, त्याला सांगा बॉक्स आणू नकोस, बॅगेत फुकट जागा खातो. बुटात मोजे किंवा बाकीचे कपडे कोंबून आणले की आकारही बिघडत नाही. फक्त स्टिकर कापून बुटात टाकून आण म्हणावं, आमच्याकडे तो देवघराच्या ड्रॉवरमधे पडलाय, बाबांचे पुढचे बूट त्यावरूनच मागवणार.