पहिल्यांदा रक्त देणाऱ्यासाठी चार ओळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. शिबिराच्या फ्लेक्ससाठी लिहिलेल्या तुझ्या आठ ओळी मिळाल्या. त्या आधी इथे उतरवून घेतो, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

रक्तदान श्रेष्ठ दान,
जीवनाचे हे वरदान,
चला करू रक्तदान,
वाढवू देशाचा मान.

एकदाच टोचे सुई,
भीती नको, पुढे चल;
थेंब थेंब रक्त तुझे
दुसऱ्याला देई बळ.

पहिलं कडवं काढून टाक. ज्यानं कधीच रक्त दिलं नाही, तो श्रेष्ठ दान वगैरे ऐकून माहीत असूनही मंडपाबाहेरच थांबलेला असतो, आणि त्याला अडवणाऱ्या गोष्टीबद्दल या चार ओळी काही बोलत नाहीत. शिवाय कानालाही त्या अडतात. तू अष्टाक्षरी धरली आहेस, म्हणजे दर ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच मोजायचं. बोटांवर मोजून बघ : ‘जीवनाचे हे वरदान’ नऊ भरतात, आणि वाचणारा नेमका ‘हे’वर अडखळतो. दान, वरदान, पुन्हा दान हे यमकही नाही, तोच शब्द परत आलाय.

दुसऱ्या कडव्यात जीव आहे, कारण तिथे तू सुईजवळ आलास. पण पहिलीच ओळ खोटी ठरते. शिबिरात टोचतात दोनदा. आधी बोटाला टोचून थेंब काढतात. बऱ्याच शिबिरांत तो थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. तो बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, वरच तरंगत राहिला तर आज रक्त घेत नाहीत. दुसरी सुई त्यानंतर कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेत. तुझी ओळ वाचून आलेल्या पोराला बोटाला टोचल्यावर वाटेल, झालं! मग कोणीतरी त्याला खाटेवर झोपायला सांगेल, आणि त्याचा पोस्टरवरचा विश्वास तिथेच उडेल. दोन टोचण्या चार ओळींत मावत नसतील, तर सुईचा विषयच काढू नये. ‘भीती नको’ही नको, ज्याला भीती आठवली नव्हती त्यालाही ती आठवते.

आता ‘चल’ आणि ‘बळ’. कागदावर हे यमक जवळचं वाटतं, पण तुमच्या भागात मोठ्यानं वाचून बघ. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया, तसा बळाचा बय. मग ‘चल’ला ‘बय’ कुठून जुळणार? ‘फळ’ आणि ‘बळ’ चालले असते, दोन्ही सारखेच बदलतात. कवितेचं यमक गावच्या तोंडात जुळायला हवं, कारण पोस्टर वाचणारा शेजारच्याला ते आपल्याच बोलीत म्हणून दाखवतो.

लिहायचं काय, ते ठरवण्याआधी विचार कर की माणूस अडतो कुठे. खेड्यात सुईपेक्षा मोठी धास्ती अंगातलं रक्त कमी होऊन अशक्तपणा येण्याची असते. उद्या वावरात जायचं आहे, कापूस वेचायचा आहे, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा आहे. या धास्तीला आकड्यानं उत्तर देता येतं. पन्नास किलोच्या माणसात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं आणि शिबिरातली नेहमीची पिशवी 350 मिलिलिटरची, म्हणजे दहातला एक भाग. त्यातलं पाणी एकदोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी तीन आणि बायकांनी चार महिने थांबायचं असतं.

दुसरी अडचण उपाशीपोटी येण्याची. सकाळी नुसत्या चहावर निघालेला किंवा एकादशी धरलेला माणूस खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसतो. पहिल्यांदा रक्त देणाऱ्यांत हे जास्त होतं. आणि रांगेतल्या चौघांसमोर एक जण भोवळ येऊन पडला, की त्यातले दोघे चपला शोधायला लागतात. म्हणून कवितेत एकच सूचना घालायची असेल, तर ती जेवणाची. या दोन गोष्टी धरून मी आधी असं लिहिलं :

आधी जेव पोटभर,
मग ये तू शिबिरात;
पिशवीत जातं थोडं,
बाकी तुझ्याच अंगात.

मग पहिली ओळ बदलली. पोट गच्च भरून लगेच आडवं झालं की मळमळतं, म्हणून ‘पोटभर’ नको. ‘आधी नीट जेवून घे’ हीही आठच अक्षरं आहेत आणि सांगते ते बरोबर. शेवटची ओळ तशीच राहू दे, अशक्तपणाच्या धास्तीला ती सरळ उत्तर देते. ‘अंगात’ला ‘शिबिरात’ जुळतं, आणि दोन्ही शब्द बोलीतही तसेच राहतात.

अशक्तपणा येत नाही हे पटवताना ‘रक्त देऊन थेट वावरात’ अशा थाटाची ओळ सुचेल. ती लिहू नकोस. त्या दिवशी जड उचलायचं नाही, उन्हात राबायचं नाही, हाताची पट्टी काही तास ठेवायची. तुझ्या ओळीवर विश्वास ठेवून कोणी दुपारी नांगरणीला गेला आणि हातातून पुन्हा रक्त आलं, तर तो पुढच्या शिबिराला येणार नाही आणि भावालाही येऊ देणार नाही.

‘दादा’, ‘भाऊ’ अशी हाक टाळ, मुलीही येणार आहेत. हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत जाणाऱ्यांत त्या बऱ्याच असतात, म्हणून ‘जो देतो तोच शूर’ असलं काही कवितेत नको. परत गेलेल्या मुलीला ती ओळ लागते. फ्लेक्स कॉलेजजवळ लागणार असेल तर ‘तू’ शोभतो. बाजाराच्या दिवशी चौकात लागणार असेल, तिथे मोठी माणसं वाचणार, तर आठ अक्षरांचा हिशेब न बिघडवता असं कर :

आधी नीट जेवून घ्या,
मग या हो शिबिरात;
पिशवीत जातं थोडं,
बाकी तुमच्या अंगात.

वय, वजन, हिमोग्लोबिन हे यमकात कोंबू नकोस. कवितेखाली साध्या ओळीत दे : वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5, सोबत ओळखपत्र. ‘बोटाला तपासणीची टोच आणि कोपराजवळ एक सुई’ हेही तिथेच लिही, म्हणजे आलेल्याला धक्का बसणार नाही. त्याखाली तारीख, वेळ, जागा. पाहुण्यांचे फोटो घालायचा आग्रह होईल. ते खाली, छोटे. कवितेच्या अक्षराची उंची दोन इंचांच्या आत येऊ देऊ नकोस, एसटी थांब्यावर माणूस दहा-पंधरा फुटांवरून वाचतो.

एक शेवटचं काम फ्लेक्सवाल्याच्या दुकानात. मोबाईलवरचा मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला की अक्षरं फुटतात. ‘रक्त’मधला ‘क्’ सुटा होतो आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते. ‘शिबिरात’मध्ये तशा दोन वेलांट्या आहेत, आणि घाईत पुष्कळ जण ‘शिबीर’ टाकतात. छपाईला सोडण्याआधी पडद्यावर हे दोन शब्द बोट ठेवून तपास, आणि मग दुकानातल्या पोराला चार ओळी मोठ्यानं वाचायला सांग. वाचून झाल्यावर त्याला एवढंच विचार, ‘शिबिराला जायच्या आधी काय करायचं?’ तो ‘जेवायचं’ म्हणाला, की छापायला दे.

तुझा,
एक जुना शिबिरवाला