किडनी बदलल्यानंतर साखर फक्त दुपारीच का वाढते?

वडिलांच्या किडनी ट्रान्सप्लांटला दोन महिने झाले. उपाशीपोटी साखर ९८, दुपारी जेवल्यावर २४०. आधी मधुमेह नव्हता. गोळ्यांमुळे का?

हो, बहुधा गोळ्यांमुळेच. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा साखरेवरचा जोर चार ते आठ तासांनी चढतो आणि रात्री ओसरतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिनही कमी सुटतं. म्हणून फक्त उपाशीपोटी तपासलं तर हा मधुमेह हमखास निसटतो. ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी जेवणाआधी साखर बघा, लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीवर आत्ता विसंबू नका. पहिले काही महिने रक्त कमी असतं, कधी बाहेरून चढवलेलं असतं, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. औषधांचे डोस स्थिरावले की ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करतात. दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

तोवर अशा चढाला डॉक्टर बहुधा सकाळी एनपीएच इन्सुलिन देतात, कारण त्याचा जोर दुपारीच असतो. स्टेरॉइड कमी झालं की इन्सुलिनही कमी करावं लागतं, ते विचाराच. नाहीतर साखर एकदम खाली जाते.

टॅक्रोलिमस मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, किडनी जाऊ शकते.